उद्याच्या फोनआधी

नमस्कार,

मावशीने काल तुमचा नंबर दिला. उद्या रात्री साडेनऊला बोलायचं ठरलंय, त्याआधी मनातलं थोडं लिहून ठेवते.

उंची, रास, शिक्षण, पगार, मामेकुळ हे सगळं दोघांच्याही बायोडेटात आहे. तेच फोनवर पुन्हा नको विचारूया. मागे एका स्थळाशी चाळीस मिनिटं बोलले आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तो माणूस कसा आहे हे मला कळलंच नाही. नकार देताना कारणही सांगता येईना. फार वाईट वाटलं होतं.

मला तुमच्याकडून ऐकायचंय, की तुमच्या घरी भांडण झालं की ते मिटतं कसं? आमच्याकडे बाबा दोन दिवस गप्प राहतात. तिसऱ्या दिवशी सकाळी तर्री-पोहे बांधून आणतात, की विषय संपला. कोणी काही बोलत नाही. त्या पोह्यांतली माया मला कळते, पण माझ्या संसारात मला बोलून मिटवायचंय. मी चिडते, रडतेही, पण अबोला मला सहन होत नाही. तुम्हाला शांत व्हायला वेळ लागत असेल, तर किती लागतो तेही सांगा.

दुसरं, तुमच्या बायोडेटात 'पुणे किंवा नागपूर' लिहिलंय. खरं मन कुठे आहे? मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत कूलरमध्ये पाणी भरत बसावं लागतं, तरी मला हे शहर सोडवत नाही. तान्ह्या पोळ्याला भाच्याचा लाकडी बैल मीच सजवते. पुण्याला यायला माझी ना नाही, पण आईबाबा थकले की परतायची वाट मोकळी हवी. आणि दर महिन्याला मी घरी पैसे देते, ते लग्नानंतरही देणार. हे आधीच सांगितलेलं बरं.

तुम्हीही असा एखादा प्रश्न आणा, जो घरच्यांसमोर विचारता येणार नाही. उत्तर द्यावंसं वाटलं नाही, तर 'हे पुढच्या वेळी' म्हणायचं. मी वाईट वाटून घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका.

मी गच्चीवरून बोलेन, एकटीच. तुम्हीही स्पीकर बंद ठेवा. क्लिनिक आठला बंद होतं, मग जेवून अर्धा तास मला कोणाशी बोलवत नाही. दिवसभर पेशंटशी बोलून घसा आणि डोकं दोन्ही शिणतं. म्हणून साडेनऊ म्हटलं. अर्धा तास पुरे, गप्पा रंगल्या तर बघू.

फोन झाल्यावर लगेच होकार-नकार नको. दोन दिवस घेऊ. आणि नाही म्हणायचं असेल, तर मावशीला सांगायच्या आधी मला दोन ओळी टाका. मीही तसंच करेन.

ही वेळ जमत नसेल तर कळवा.