नंदीचं आवतन

आई, इंग्रजी ओळीसुद्धा आपल्याच अक्षरांत लिहिल्या आहेत. आधी मराठी वाच, मग तिची इंग्रजी. चिमी मध्येच प्रश्न विचारेल, तेव्हा घाई नको.

उद्या पोळा आहे.
टुमॉरो इज पोळा.

बाबा बैलांना नाल्यावरून धुवून आणतात.
बाबा वॉशेस द बुल्स इन द स्ट्रीम.

एक ढवळ्या, एक पवळ्या.
वन इज ढवळ्या, वन इज पवळ्या.

बाबा त्यांच्या खांद्याला हळद आणि तूप लावतात.
बाबा रब्ज टर्मरिक अँड घी ऑन देअर शोल्डर्स.

वर्षभर जू तिथंच बसतं ना!
द योक सिट्स देअर ऑल इयर!

मग बाबा त्यांच्या कानात म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."
देन बाबा सेज इन देअर इअर्स, "वी इन्व्हाइट यू टुडे, कम अँड ईट टुमॉरो."

ढवळ्या कान हलवतो.
ढवळ्या शेक्स हिज इअर.

पवळ्या नुसता रवंथ करतो.
पवळ्या जस्ट चूज अँड चूज.

चिमीचाही एक बैल आहे.
चिमी हॅज अ बुल टू.

तो लाकडाचा आहे.
ही इज मेड ऑफ वुड.

त्याला चार चाकं आहेत.
ही हॅज फोर व्हील्स.

एक चाक कुई कुई करतं.
वन व्हील गोज स्क्वीक, स्क्वीक.

(इथं आवाज काढच, आई. नाही तर ती पुढे जाऊ देत नाही.)

त्याचा तान्हा पोळा परवा आहे.
हिज तान्हा पोळा इज द डे आफ्टर टुमॉरो.

चिमी त्याला घरोघरी नेईल आणि बोजारा मागेल.
चिमी विल टेक हिम फ्रॉम हाऊस टू हाऊस अँड आस्क फॉर बोजारा.

आज चिमी त्याच्या खांद्याला तूप लावते.
टुडे चिमी रब्ज घी ऑन हिज शोल्डर.

थोडं तूप चिमीच्या तोंडात जातं.
सम घी गोज इनटू चिमीज माउथ.

चिमी त्याच्या कानात म्हणते, "आज आवतन घे, परवा जेवाले ये."
चिमी सेज इन हिज इअर, "आय इन्व्हाइट यू टुडे, कम अँड ईट द डे आफ्टर टुमॉरो."

"आजी, यानं ऐकलं का?"
"आजी, डिड ही हिअर मी?"

"ऐकलं ना, माय."
"यस, माय डिअर, ही डिड."

"तो काय खाईन?"
"व्हॉट विल ही ईट?"

"पुरणाची पोळी."
"पुरणपोळी."

"किती?"
"हाऊ मेनी?"

"पाच."
"फाइव्ह."

"अन् मले?"
"अँड मी?"

"आता झोपली तर दोन."
"टू, इफ यू स्लीप नाऊ."

"नाही झोपली तर?"
"इफ आय डोन्ट?"

"मंग त्याच्या सात!"
"देन ही गेट्स सेव्हन!"