चार तासांची बस: रविवारचे स्प्लिट

मंडळी,

शुक्रवार रात्र. बिब घेऊन झाले, पाय वर करून बसलोय, म्हणून हे एकदाच नीट लिहून टाकतो. रविवारी, १९ जानेवारीला, मुंबई मॅरेथॉनसाठी पहाटे पाचला सीएसएमटीवरून निघायचं. झेंड्यावर ४:०० लिहिलेलं असेल, त्या झेंड्यासोबत चार तासांत पोचायला धावणारे सगळे म्हणजे आपली बस. एक माझ्या हातात, दुसरा ताईंच्या हातात. मी पुढे, ताई बसच्या शेपटीला.

आधी हिशेब. ४२.१९५ किमी चार तासांत म्हणजे किलोमीटरला ५:४१ आणि वर एक चिमूट. आपण ३:५९:३९ धरून चाललोय, म्हणजे २१ सेकंद शिल्लक. मागच्या रविवारी दोघांनी विचारलं, मग सुरुवातीपासून ५:४० का नाही लावत? कारण लागतच नाही. सुटल्यावर रस्ता माणसांनी भरलेला असतो. पुढे कुणी सेल्फी काढतंय, कुणी पहिल्याच किमीला बुटाची नाडी बांधायला खाली वाकलंय. त्यातून ५:४० काढायचं तर डावीकडून, उजवीकडून, फुटपाथवरून घुसावं लागतं. ते अंतर तुमच्याच पायांतून जातं. म्हणून पहिले पाच किमी मी मुद्दाम सावकाश लावलेत:

१ला ६:०५
२रा ५:५५
३रा ५:५०
४था ५:४५
५वा ५:४२

पाचची पाटी २९:१७ ला. सरळ ५:४१ ने धावलो असतो तर २८:२६ झाले असते. म्हणजे ५१ सेकंदांची उधारी. ही उधारी ठरवून घेतलेली आहे, त्यामुळे तिसऱ्या किमीला घड्याळ बघून माझ्याकडे डोळे वटारू नका.

ती फेडायची कशी, यात खरी गोम आहे. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात मी झेंडा धरला होता. पहिल्या तीन किमीत पाऊण मिनिट गेलं आणि मी ते पुढच्या दोनमध्येच भरून काढलं. घड्याळ खूश, मीही खूश. दहाला अठरा जण सोबत होते, बत्तीसला पाच. बाकीच्यांची दमछाक मीच करून ठेवली होती. त्यानंतर ठरवलं, उधारी हप्त्यांनीच फेडायची, किमीला तीन-साडेतीन सेकंद. पायांना कळतसुद्धा नाही.

६ ते १० मध्ये फेड जवळजवळ नाहीच, कारण केम्प्स कॉर्नरचा चढ तिथे आहे. एरवी ५:३८ च्या आसपास, चढाच्या किमीला ५:५२. तो सातवा निघतो की आठवा, ते पाटीवर बघू. चढावर आपण दम सारखा ठेवतो, वेग नाही. कुणी पुढे सटकलं तर जाऊ द्या, पेडर रोडच्या उतारावर भेटेल. दहाची पाटी ५७:४२.

११ ते ३० हा सगळा पट्टा ५:३८. रटाळ आहे, आणि तसाच असायला हवा. वरळी, मग सी लिंक. एरवी तिथे पायी जाऊ देत नाहीत, त्यामुळे सगळ्यांना तिथे पंख फुटतात. समुद्र बघा, फोटो मनात काढा, पण ५:३८. पंधरा १:२५:५२, वीस १:५४:०२. अर्धी मॅरेथॉन २:००:१३ ला, म्हणजे घड्याळात अजून थोडे मागेच दिसू. घाबरू नका. पंचवीसच्या पाटीला २:२२:१२, तिथे उधारी बरोब्बर शून्य.

सूर्य साधारण सव्वासातला उगवतो, म्हणजे तेवीस-चोवीसच्या आसपास. उरलेले अठरा-एकोणीस किमी उन्हात. याच कारणासाठी काही जण म्हणतात की अंधारात वेळ ‘कमावून’ ठेवावा. मला ते पटत नाही. थंड हवेत जोरात पळालेले पाय उन्हात जास्तच बोंबलतात.

तीसला २:५०:२२, सोळा सेकंद पुढे. ३१ ते ३५ प्रत्येकी ५:३९, पस्तीसला ३:१८:३७, अठ्ठावीस सेकंद पुढे. आता ही पुंजी कशासाठी, ते तुम्हाला माहीत आहे. परतीचा पेडर रोड. तिथे ३६वा ५:५८, ३७वा ५:४४, मग ५:३९, ५:३९, ५:४०. चाळीसला ३:४७:१७. चढावर कुणी चालायला लागला तर त्याला शिव्या देऊ नका, ताई मागे आहेतच. उरलेले २.१९५ किमी ५:३८ ने, १२ मिनिटं २२ सेकंद. ज्यांच्या पायांत जीव आहे त्यांनी मरीन ड्राइव्हवर मला सोडून पुढे जावं. मला वाईट वाटणार नाही, उलट आनंदच होईल.

पहिल्या पाच किमीत गर्दी ठरवल्यापेक्षा जास्त निघाली तर? पाचच्या पाटीला २९:४० च्या आसपास आलो तर ११ ते ३० हा पट्टा ५:३७ करेन. ३०:०० ला आलो तर ५:३६. त्याहून उशीर झाला तरी ५:३६ च, आणि मग ती २१ सेकंदांची शिल्लक मोडू. याच्या खाली मी येणार नाही, कुणी कितीही ओरडलं तरी. उलट चुकून २८:५० ला पोचलो, तर ६ ते १० मध्ये तेवढं हळू होऊन दहाला ५७:४२ वरच येऊ.

घड्याळाबद्दल. ऑटो लॅप बंद करा. फोर्टच्या उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतं, आणि वळणं व गर्दीमुळे शेवटी तुमचं घड्याळ ४२.६ वगैरे दाखवेल. म्हणजे त्यावर सरासरी ५:३८ दिसली तरी आपण फक्त वेळेवर असतो. मी प्रत्येक पाटीला हाताने लॅप दाबणार आहे. तुम्हीही दाबा, आणि घड्याळ पाटीआधी वाजलं तर हसून सोडून द्या.

तुमची वेळ तुमच्या चिपची. सुरुवातीची वेळ नोंदवणारी मॅट तुम्ही माझ्यानंतर अर्ध्या मिनिटाने ओलांडली असेल, तर मला गाठायची घाई नाही. झेंडा दिसत राहिला की पुरे, तुमच्याकडे अर्धं मिनिट जास्तीचं आहे. माझ्याआधी ओलांडली असेल, तर तितकंच पुढे राहा.

पाण्याला थांबणार नाही, कप घेताना वेग थोडा उतरेल, तो वरच्या आकड्यांत धरलेला आहे. पहिलं टेबल सोडून पुढच्या टेबलावर घ्या, पहिल्यावर झुंबड असते.

हातावर पेनने लिहून घ्यायला:

५ – २९:१७
१० – ५७:४२
१५ – १:२५:५२
२० – १:५४:०२
अर्धी – २:००:१३
२५ – २:२२:१२
३० – २:५०:२२
३५ – ३:१८:३७
४० – ३:४७:१७
फिनिश – ३:५९:३९

पेन पाण्याने न जाणारं घ्या, गेल्या वेळी एकाच्या मनगटावर वीसच्या पुढे नुसती निळी शाई उरली होती. पावणेपाचला होल्डिंग एरियात झेंड्याखाली भेटू. उद्या कुणीही ‘जरा पाय मोकळे करायला’ दहा किमी पळू नये, मी स्ट्राव्हा बघणार आहे.

– तुमचा बसड्रायव्हर