वडगावच्या सामाईक शेतजमिनीच्या वाटपास संमती मिळण्याबाबत

संगमनेर
दि. 12 जानेवारी 2025

ती. दादा, सौ. आक्का, श्रीमती सुनंदावहिनी व चि. महेश यांस,

सा. न. वि. वि.

मौजे वडगाव येथील गट नं. 214, क्षेत्र 2 हेक्टर 40 आर, ही जमीन वडिलांच्या पश्चात आपल्या सर्वांच्या नावे सामाईक आहे. पीककर्ज असो की ठिबकचे अनुदान, दर वेळी सगळ्यांच्या सह्या गोळा कराव्या लागतात आणि त्यात हंगाम निघून जातो. म्हणून तहसीलदारांकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली सर्वांच्या संमतीने वाटपाचा अर्ज करावा, असे मी सुचवितो.

दादा, तुम्ही व मी, आक्का, आणि कै. आण्णांचे वारस म्हणून वहिनी व महेश मिळून एक, असे चार समान हिस्से धरले आहेत. आक्काने हक्कसोड लिहून द्यावी असे भावकीत बोलले जाते. तिने स्वतःहून तसे म्हटलेले नाही, आणि कोणी तिच्याकडे ते मागू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

दक्षिणेच्या शिवरस्त्यापासून उत्तरेच्या ओढ्यापर्यंत उभ्या चार पट्ट्या पाडल्या, तर प्रत्येकाला रस्ता मिळतो. अडचण पोटखराब्याची आहे. एकूण 12 आर खराब्यापैकी निम्मा पश्चिमेकडे आहे, कारण ओढ्याने तिकडचा काठ खाल्ला आहे. त्यामुळे नुसते क्षेत्र सारखे न करता लागवडीयोग्य जमीन प्रत्येकी 57 आर धरली आहे. पश्चिमेकडून पहिली पट्टी 63 आर (खराबा 6) मी घेईन. दुसरी 60 आर (खराबा 3) आक्काची. तिसरी 59 आर (खराबा 2) दादांची, कारण त्यांची वस्ती व गोठा तिथेच आहे. आणि पूर्वेची 58 आर (खराबा 1) वहिनी व महेश यांची.

विहीर पूर्वेच्या पट्टीत येते, परंतु तिची मालकी चौघांची सामाईक राहावी व तशी नोंद वाटपपत्रातच व्हावी. पाण्याची पाळी आठवड्यातून प्रत्येकी एक दिवस, उरलेले तीन दिवस आळीपाळीने. मोटारीची दुरुस्ती व वीजबिल चौघांत सारखे. पाइपलाइन दक्षिणेच्या बांधाने न्यावी, ती कोणी अडवू नये. विहिरीने व तिच्या वाटेने अडलेल्या जागेबद्दल वहिनींना उरलेल्या तिघांनी काय द्यावे, हे दादांनी ठरवावे. ते मला मान्य राहील. बांधावरच्या आंब्यांचे उत्पन्न आजपर्यंत चालत आले तसेच वाटले जावे.

सोसायटीच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर आहे, तो वाटपाआधी फेडावा, म्हणजे कोणाच्या हिश्श्यावर तो जाणार नाही. पोटहिस्सा मोजणीचा व कागदपत्रांचा खर्च चौघांनी सारखा करावा. मोजणीत क्षेत्र थोडे कमीजास्त भरल्यास फरक चारही पट्ट्यांत सारखा धरावा.

पट्ट्यांची अदलाबदल कोणाला हवी असल्यास, किंवा हरकत असल्यास, 15 फेब्रुवारीपर्यंत लेखी कळवावे. सोबत कच्चा नकाशा जोडला आहे. मान्य असल्यास त्याच्या प्रतीवर सही करून पाठवावी, म्हणजे अर्ज तयार करता येईल.

आपला,
विलास



सोबत : सातबारा उतारा, आठ-अ उतारा, कच्चा नकाशा