सरांच्या निरोप समारंभातलं विद्यार्थी प्रतिनिधीचं भाषण

नमस्कार. मुख्याध्यापक मॅडम, सगळे सर आणि बाई, आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो.

सरांची बदली झालीय हे कळलं त्या दिवशी दहावीच्या वर्गात कुणीच नीट बोलत नव्हतं. आज सगळ्यांच्या वतीने मी उभी आहे, पण बोलायचंय ते सगळ्यांचंच आहे.

सर, तुम्ही आम्हाला आठवीपासून सायन्स शिकवलंत. पहिल्याच आठवड्यात तुम्ही दोन लंबक टांगलेत, दोरी सारखीच, एकाला हलका गोळा आणि दुसऱ्याला जड, आणि विचारलंत, कुठला लवकर झुलेल? अख्खा वर्ग ओरडला, जड! तुम्ही हसला नाहीत की चूक पण म्हणाला नाहीत, नुसतं "कशावरून?" विचारलंत आणि स्टॉपवॉच मागच्या बाकावरच्या अशा मुलीच्या हातात दिलंत जी वर्गात कधी तोंडच उघडायची नाही. तिने 20 झोक्यांचा वेळ मोजला, 20 ने भागला, आणि दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच आले. मग दोरी चौपट केली तर वेळ दुप्पट झाला, आणि हे फळ्यावर लिहायच्या आधी आमच्या वह्यांमध्ये आलेलं होतं. एकच झोका का नाही मोजायचा, बटण दाबताना होणारी चूक 20 झोक्यांत कशी वाटली जाते, हे पण तिनेच सगळ्यांना सांगितलं. यंदा विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांसमोर सगळ्यात जास्त तीच बोलली सर, आणि तुम्ही लांब खिडकीपाशी उभे राहून ऐकत होतात, आम्ही बघितलंय.

आणि तुमचे तपासलेले पेपर! उत्तर चुकलं तर नुसती फुली कधीच नसायची. "तिसऱ्या पायरीपर्यंत मस्त, पुढे एकक कुठे गेलं?" असं लाल पेनाने लिहिलेलं असायचं. चाळीस मुलांच्या पेपरवर एवढं लिहायला किती वेळ लागत असेल, याचा विचार आम्ही तेव्हा केला नाही, आता करतो. ज्यांना कमी मार्क पडायचे तेसुद्धा पेपर घरी दाखवायचे, कारण त्यात आपलं काय बरोबर आलं ते पण लिहिलेलं असायचं.

शाळा सुटल्यावर लॅब उघडी ठेवून थांबायचात, "सर, एक शंका" म्हटलं की पिशवी परत टेबलावर ठेवायचात. खरं सांगते, कितीतरी वेळा शंका छोटीशीच असायची, आम्हाला तुमच्याशी बोलायचं असायचं.

जिथे चाललाय तिथल्या मुलांचा आम्हाला थोडा हेवा वाटतोय. बोर्डाचा रिझल्ट लागला की पहिला फोन तुम्हालाच करणार, तेव्हा नंबर बदलू नका प्लीज.

ही वही आमच्याकडून. प्रत्येकाने एकेक पान लिहिलंय, आणि शेवटची पानं कोरी ठेवलीत, आम्हाला यापुढे पडणारे प्रश्न पोस्टाने पाठवत राहू, ते तिथे लावा. आता सर, तुम्ही बोला, आम्हाला तुमचं ऐकायचंय.