मृगाचा आठवडा, गच्चीवरची बाग: सात पोस्ट आणि एक मेल

सोमवार, सकाळी

गगनबावड्याइतका पाऊस कोल्हापूर शहरात पडत नाही. पण जुलैची झड लागली की कुंडीतली माती आठ-आठ दिवस सुकत नाही. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि रोप मान टाकतं. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी तांब्याभर ओततो!

आज एकच काम. प्रत्येक कुंडी कलती करून तळ बघा. १२ इंची कुंडीला बोटाच्या जाडीची ५-६ भोकं हवीत. बुजलेली खिळ्याने मोकळी करा आणि कुंडी दोन विटांवर ठेवा. तळ गच्चीला चिकटला तर भोक असून नसल्यासारखं.

#गच्चीवरचीबाग #कोल्हापूर

मंगळवार

कुंडीच्या तळाला खडीचा थर? नको. बारीक मातीतलं पाणी खडीत सहज उतरत नाही, थराच्या वरच अडतं. म्हणजे चिखल मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा पुरे.

बुधवार

पावसाळ्याची माती उन्हाळ्यासारखी भरू नका. १० पाट्यांचा हिशेब: लाल माती ४, कुजलेलं शेणखत ३, जाड वाळू किंवा विटांचा चुरा २, कोकोपीट १. उन्हाळ्यात पाणी धरून ठेवणारं कोकोपीट आता तेच काम नको तेव्हा करतं.

शेणखतात हात घालून बघा. आतून कोमट लागलं किंवा शेणाचा वास आला तर ते अजून कच्चं आहे. असं खत कोवळी मुळं भाजतं आणि हुमणीलाही आवडतं. मिश्रण ओलं करून मूठ आवळा, मग बोटाने टोचा. गोळा फुटला तर जमलं.

गुरुवार

आता लावा: भेंडी, चवळी, दोडका, कारलं.
थांबा: मेथी आणि कोथिंबीर. झडीत त्यांची कोवळी रोपं जमिनीलगत कुजून आडवी पडतात. गणपती झाले, पाऊस ओसरला की पेरा.

भेंडीचं बी रात्रभर भिजवून १ इंच खोल, एका कुंडीत दोन. उगवलं की कमजोर रोप उपटू नका, कात्रीने कापा. उपटताना शेजारच्याची मुळं हलतात.

शुक्रवार

गुळाच्या गावात जीवामृताला काय तोटा! १० लिटर पाण्यात ताजं शेण अर्धा किलो, गोमूत्र अर्धा लिटर, गूळ १०० ग्रॅम, बेसन १०० ग्रॅम आणि झाडाखालची मूठभर माती. प्लॅस्टिकची बादली सावलीत ठेवा, वर गोणपाट. सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा. तिसऱ्या दिवसापासून १ भागाला १० भाग पाणी मिसळून मुळाशी घाला आणि आठवड्याच्या आत संपवा. घट्ट झाकण लावू नका, आत वायू साठतो. सडका वास सुटला तर ओतून द्या.

शनिवार, रात्री ९

टॉर्च घ्या आणि आत्ताच गच्चीवर जा. पानांना मोठी भोकं आणि चकाकती रेघ दिसली तर गोगलगायी. कुंड्यांमध्ये ओलं पोतं पसरून ठेवा. सकाळी त्याखाली गोळा झालेल्या वेचून मिठाच्या पाण्यात टाका. मीठ कुंडीत पडू देऊ नका.

रविवार

दोडक्याला फुलं भरपूर, फळ एकही नाही? फुलाच्या मागे बोटभर इवला दोडका असेल तर ती मादी. नुसता देठ असेल तर नर. पावसात मधमाश्या फिरकत नाहीत. दोडका संध्याकाळी फुलतो, तेव्हा नर फूल तोडा, पाकळ्या मागे सारा आणि पिवळे परागकण मादीच्या मधोमध हलकेच टेकवा. कारलं मात्र सकाळी फुलतं.

मेल

विषय: कुंड्या मांडण्याआधी गच्चीचं पाणी बघा

नमस्कार मंडळी,

आठवडाभराच्या पोस्ट ज्या मोठ्या लेखातून काढल्या, तो सोबत जोडला आहे. पोस्टमध्ये न मावलेल्या दोन गोष्टी इथे सांगतो.

पहिली, वजन. १२ इंची भरलेली, भिजलेली कुंडी २० किलोच्या पुढे जाते. वेलाचे ४० लिटरचे ड्रम गच्चीच्या मधोमध ठेवू नका. खाली तुळई किंवा भिंत असेल तिथे, कडेने मांडा. जुन्या घराची गच्ची असेल तर आधी जाणकार मिस्त्रीला दाखवा.

दुसरी, गच्चीची जाळी. कुंडीतून वाहून आलेली माती आणि पानं तिथेच अडकतात, पाणी तुंबतं आणि छताला ओल धरते. जाळीपासून दोन फूट जागा मोकळी सोडा, झडीत दर दोन दिवसांनी हाताने साफ करा.

मावा दिसला तर निंबोळी तेल ५ मिली, द्रवरूप साबण १ मिली, १ लिटर पाणी. आधी साबण पाण्यात, मग तेल; नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात. संध्याकाळी, उघाड असेल तेव्हाच, पानांच्या खालच्या बाजूने फवारा.

रोप का सुकतंय ते कळत नसेल तर दोन फोटो पाठवा: एक पानाचा, एक कुंडीच्या तळाचा. तळाचा नक्की पाठवा.