चिऊसाठी, गाडीत वाचायला

चिऊ, लाल पिशवीत रतलामी शेव आहे. हॉस्टेलच्या मुलींना दे, पण एक पुडा लपवून ठेव, नाहीतर दोन दिवसांत फन्ना उडेल. पुण्याच्या पोह्यांवर टाकायला जिरावणही दिलंय. सोबतची जिलबी मात्र तुझी तू शोध. तुझ्या हिंदी वळणाच्या मराठीला कुणी हसलं तर तूही हस, आणि सांग, होळकरांच्या इंदूरची आहे म्हणून. पैसे लागले की मागायचे, उगाच काटकसर नको. रात्रीचं जेवण टाळलंस तर मात्र आई तिकडे येऊन धडकेल. रोज फोन नको, रविवारी निवांत कर. आजी आत्तापासूनच विचारतेय, दिवाळीचं रिझर्व्हेशन कधी काढायचं?

बाबा