विषय : बेसनाच्या १ किलोच्या पाकिटात वजन कमी असल्याच्या तक्रारीवरील नोटिशीला उत्तर

प्रति,
मा. सहायक नियंत्रक, वैध मापन शास्त्र, पुणे

महोदय,

आपली ९ जूनची नोटीस ११ जूनला मिळाली. तक्रारदाराचे पाकीट ९६२ ग्रॅम भरले. ३८ ग्रॅमची तूट १५ ग्रॅमच्या अनुज्ञेय मर्यादेबाहेर आहे. चूक आम्हाला मान्य आहे.

१२ जूनला त्या बॅचची शिल्लक ४१६ पाकिटे तोलली. २३ कमी भरली. पावसाळी दमटपणाने बेसन हॉपरच्या झडपेला चिकटत होते. यंत्र दर ५० पाकिटांनीच शून्य तपासत असल्याने तो थर पुढच्या पाकिटाच्या वजनात धरला जाई. तपासणी काट्याने ही पाकिटे नाकारली होती, पण हवेचा दाब कमी पडल्याने ढकलदांडा चाललाच नाही. खरी हलगर्जी इथे झाली.

१३ जूनपासून बॅच बाजारातून परत घेत आहोत. शून्य-तपासणी दर ५ पाकिटांनी होते, झडप दर दोन तासांनी कोरड्या ब्रशने साफ होते आणि हवेचा दाब घसरताच पट्टा थांबतो. तक्रारदारास पूर्ण किंमत १४ जूनला परत केली आहे.

वजनाच्या नोंदी व काट्याचे पडताळणी प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. प्रत्यक्ष तपासणीस आम्ही तयार आहोत.

आपला विश्वासू,
गुणवत्ता व्यवस्थापक
१६ जून २०२५